मदत हवी आहे: वादविवादाच्या रेकॉर्डिंगमध्ये शाळा, फेरी आणि ठराव कुठे लिहायचा?

खडूफळा: नमस्कार मंडळी. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. प्राथमिक, उपांत्य आणि अंतिम अशा तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला वेगळा ठराव. प्रत्येक भाषणाची वेगळी एमपीथ्री फाईल कापून ठेवली आहे. आता टॅग भरताना शाळेच्या नावापाशी अडले आहे. ते Album Artist मध्ये टाकलं की मोबाईलवर एकाच फेरीचे शाळागणिक तुकडे दिसतात. Artist मध्ये टाकलं तर वक्त्याला जागा उरत नाही. पुढच्या मुलांना तयारीसाठी एका ठरावावरची सगळी भाषणं ओळीने ऐकता यायला हवीत.

करंडक: Artist मध्ये शाळाच टाका. संघ शाळेचा, करंडकही शाळेला मिळतो. वक्त्याचं नाव Title मध्ये. आम्ही नेहमी असंच करतो.

टेपवाला: करंडक, निकालपत्रासाठी हे बरोबर आहे. पण एकाच शाळेचा एक विद्यार्थी अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. Artist ला शाळा दिली तर दोघं एका नावाखाली जातात आणि वक्त्यावरून यादी लावता येत नाही.

खडूफळा, तुमच्याकडे फेरीला एकच ठराव आहे, म्हणून फेरी हाच अल्बम धरा आणि ठराव अल्बमच्या नावातच घाला. तुकडे पडतात ते Album Artist प्रत्येक फाईलला वेगळा असल्यामुळे. तिथे सगळीकडे स्पर्धेचं नाव टाका, अक्षर न् अक्षर तेच. एखादी जागा जास्त पडली तरी काही प्लेअर वेगळा अल्बम धरतात. एका फाईलचं असं दिसेल:

```
Album: 3 अंतिम - शाळेत गृहपाठ नसावा
Album Artist: आंतरशालेय वादविवाद
Artist: (वक्त्याचं नाव)
Title: प्रतिकूल - (शाळेचं नाव)
Track: 7
Comment: चिठ्ठी क्र. 8
```

फेरीच्या आधी आकडा हवाच. नुसती नावं ठेवलीत तर अकारविल्हे अंतिम आधी, मग उपांत्य, शेवटी प्राथमिक, म्हणजे स्पर्धा उलटी ऐकू येईल. आणि ठराव क्रियापदासकट पूर्ण लिहा. नुसतं 'गृहपाठ' लिहिलंत तर 'अनुकूल' म्हणजे गृहपाठाच्या बाजूने की तो बंद करण्याच्या बाजूने, हे दोन वर्षांनी कुणाला कळणार? ठराव नकारार्थी असला की हा घोळ हमखास होतो.

खडूफळा: आता लक्षात आलं! पण Track 7 आणि चिठ्ठी 8, असं का?

टेपवाला: समजा चिठ्ठी क्रमांक ५ चा स्पर्धक आलाच नाही. मग आठवा क्रमांक सातव्या जागी बोलतो. Track मध्ये प्रत्यक्ष बोलण्याचा क्रम जातो, चिठ्ठी टिपणात. छापील यादीवरून ओळीने नावं भरत गेलात तर गैरहजर स्पर्धकानंतरचं प्रत्येक नाव एक घर सरकतं, आणि फायली तर सगळ्या नीट वाजतात, म्हणून चूक दिसत नाही. ओळखायची खूण म्हणजे निवेदक. तो भाषणाआधी क्रमांक पुकारतो. फाईल कापताना तो पुकारा उडवू नका. दर फेरीतली शेवटची फाईल ऐका. तिथे क्रमांक जुळला नाही तर मागे कुठेतरी सरकलं आहे. ऐन वेळी बदललेला वक्ता मात्र यातून सापडत नाही, त्याचं नाव परीक्षकांच्या गुणपत्रिकेवरच मिळेल.

मंजिरी: आमची वक्तृत्व स्पर्धा होती. पाच विषय दिले होते, ज्याने त्याने आवडीचा निवडला. मीही विषय अल्बममध्ये घातला, तर एका फेरीचे पाच अल्बम झाले आणि क्रमही मोडला.

टेपवाला: मंजिरीताई, तुमच्याकडे विषय वक्त्याबरोबर बदलतो, त्यामुळे तो Title मध्ये जाईल. अल्बममध्ये नुसती फेरी आणि शाळा टिपणात. विषयाचे शब्द मात्र सगळीकडे सारखे ठेवा, म्हणजे शोधल्यावर त्या विषयाची भाषणं एकत्र मिळतील.

करंडक: खंडनाचं काय? आमच्याकडे प्रत्येक बाजूचा एक वक्ता शेवटी पुन्हा बोलतो.

टेपवाला: वेगळी फाईल, Artist तोच, Title च्या सुरुवातीला 'खंडन, प्रतिकूल'. मूळ भाषणाला जोडू नका, मधली सगळी भाषणं ऐकल्याशिवाय खंडनाला अर्थ नाही.

मंजिरी: आणि मुलांची पूर्ण नावं? फायली बाहेर फिरल्या की नाव आणि शाळा दोन्ही कुणालाही दिसतात.

टेपवाला: पालकांची लेखी परवानगी नसेल तर मी बाहेर देण्याच्या प्रतीत Artist ला नुसतं पहिलं नाव ठेवतो. पूर्ण नावं शाळेकडच्या तक्त्यात.

करंडक: मला नाही पटत. अंतिम फेरीत पोचलेल्या मुलाला श्रेय पूर्ण नावानेच मिळायला हवं. आणि शाळा दिसतेच आहे, मग पहिल्या नावावरूनही मूल ओळखू येणारच.

खडूफळा: तुमचं दोघांचंही पटतंय. तूर्तास पहिलं नाव ठेवते आणि पालकांना विचारते. उपांत्य फेरीची शेवटची फाईल आत्ताच ऐकली. निवेदक १२ म्हणतोय, माझ्या यादीत तिथे ११ आहे. गुणपत्रिका मागवल्या आहेत.