'असो' लावलं की झालं?

चहाबाज: नव्या कराराच्या ग्रीकमधलं ऑप्टेटिव्ह हे क्रियापदाचं रूप म्हणजे नुसती शुभेच्छा. 'असो', 'होवो' लावा, झालं भाषांतर. उगाच बाऊ करतात लोक.

जुनापुराणा: राहवलं नाही म्हणून लिहितोय. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढा. विसाव्या ओवीत पेत्र शिमोनाला म्हणतो, तुझे पैसे तुझ्यासकट नष्ट होवोत. हे ऑप्टेटिव्हच, शुभेच्छा आहे का ही? अकरा ओव्या पुढे या. कूशी अधिकारी रथात यशया वाचतोय, फिलिप्प विचारतो कळतंय का, तो म्हणतो 'पोस गार आन दुनाइमेन'. पुन्हा ऑप्टेटिव्ह. आता लावा 'होवो', 'मला कसं कळो'? तिथे 'आन' हा छोटा शब्द बसलाय, म्हणून अर्थ होतो 'कुणी सांगितल्याशिवाय मला कसं कळणार'. इच्छेच्या वाक्यात हा 'आन' नसतो. एका अध्यायात दोन जाती, आणि तुम्ही एकाच चमच्याने वाढताय.

विधिलिङ्: संस्कृत आलं की सगळं सोपं. आपलं भरेत् आणि ग्रीक ऑप्टेटिव्ह फेरोइ सख्खे भाऊ. मार्क 11:14 मध्ये अंजिराच्या झाडाला 'फागोइ' म्हटलंय, म्हणजे 'कोणी खाऊ नये'. नियम झाला तो.

जुनापुराणा: भाऊ आहेत, मान्य, पण भावांचे धंदे वेगळे. तो नियम नाही, शाप आहे, 'तुझं फळ कोणी कधी न खावो'. मत्तयाने तीच गोष्ट सांगताना ऑप्टेटिव्ह टाकून क्रियापदाचं दुसरं रूप, सब्जंक्टिव्ह, घेतलंय.

वसईची माई: मला मात्र इंग्रजी बायबलातल्या 'गॉड फॉरबिड'चा राग येतो! मूळात 'मे गेनोइतो', म्हणजे 'तसं न होवो', एवढंच. पौल चौदा वेळा म्हणतो, लूक एकदा, देवाचं नाव कुठेच नाही. आमच्याकडे एकांनी प्रवचनात त्या 'गॉड'वर अर्धा तास काढला, मी ओट्यावरचं दूध आठवत बसले.

परदेशीबाबू: 'मे गेनोइतो' नाही हो माई, 'मी येनितो'! मी दोन वर्षं अथेन्सला होतो, शेजारच्या आजी रोज 'ओ मी येनितो' म्हणायच्या. तुम्ही सगळे पुस्तकी उच्चार करता. ऑप्टेटिव्हचा 'ओइ' आणि सब्जंक्टिव्हचा 'ए' दोन्ही 'ई' झाले, फरकच ऐकू येईना, म्हणून ऑप्टेटिव्ह मेलं.

जुनापुराणा: आजींना नमस्कार, पण पौलाच्या काळात 'ओइ'चा 'ई' झाला नव्हता, ओठ गोल करून काढायचा मधलाच स्वर होता तो. पुरता 'ई' व्हायला जवळजवळ हजार वर्षं गेली, आणि ऑप्टेटिव्ह तर तेव्हाच आचके देत होतं.

परदेशीबाबू: तुम्ही होतात का तिथे ऐकायला?

जुनापुराणा: लिहिणाऱ्यांच्या चुका ऐकवतात. 'उ' हे तेव्हा त्याच मधल्या स्वराचं अक्षर, आणि पपायरसवर 'ओइ'च्या जागी 'उ' आणि 'उ'च्या जागी 'ओइ' ढिगाने सापडतं, 'ई'शी गल्लत त्या मानाने कमी.

परदेशीबाबू: बरं बरं, पंडितजी. आजींना कळवतो.

विधिलिङ्: उच्चारावर अजून किती भांडणार? धागा कशाचा होता?

चहाबाज: माझा होता. 8:31 दिलं तुम्हाला, खूश? आता 26:29 सांगा. पौल अग्रिप्पाला म्हणतो 'एउक्साइमेन आन', तिथे 'आन'ही आहे आणि इच्छाही आहे. तुमचा नियम गेला कुठे?

जुनापुराणा: इच्छा त्या क्रियापदाच्याच अर्थात आहे, 'आन'मुळे ती राजापुढे अदबीने येते, 'मी तर देवाकडे मागेन'. पण टोचलंत बरोबर, काठावरचीच जागा आहे ती.

वसईची माई: ते राहू दे, अंजिरांचा सीझन नव्हता असं मार्कच सांगतो, मग झाडाला शाप का?