शब्दचर्चा : इतिवृत्तात ‘वगळण्यात आले’ की ‘स्वतंत्र नोंदविले’?

नौपाडेकर :

ठाण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. मागील सभेत विषय क्र. 7 वर खुली चर्चा करता येण्याजोगी नव्हती, कारण अंतर्गत समितीचा एका तक्रारीवरील अहवाल मंडळासमोर होता. निमंत्रित मुख्याध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी बाहेर गेले, दारे लावली गेली आणि पाऊण तासाने सभा पुन्हा सुरू झाली. सभासदांना पाठवावयाच्या प्रतीत मी असे लिहिले : ‘विषय क्र. 7 वगळण्यात आला.’ त्यावर एका सभासदाने कळविले की विषय वगळला असेल तर तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर पुन्हा घ्यावा. दुसऱ्याने ‘गुप्त चर्चा झाली’ असा शब्द सुचविला, तर तिसऱ्याने ‘इन कॅमेरा’. आमच्या इतिवृत्ताची एक प्रत तिन्ही शाळांच्या कार्यालयांत फाईलला लागते आणि ती कोणीही चाळतो, हेही ध्यानात घ्यावे. यातील योग्य शब्द कोणता, आणि वितरित प्रतीत नेमके किती लिहावे?

घोडबंदरकर :

‘इन कॅमेरा’ म्हणजे चित्रीकरण करून घेतलेली कार्यवाही. वर्तमानपत्रांत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असे नेहमी छापून येते. तेव्हा तुमच्या सभेचे चित्रीकरण झाले नसेल तर हा शब्द चुकीचा ठरेल. चित्रीकरण करून घेतले असते तर वादच उरला नसता, असे मला वाटते.

सानपाडेकर :

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीची बरीच वर्षे इतिवृत्ते लिहिण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

घोडबंदरकरांचा गैरसमज त्यांचा एकट्याचा नाही. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे कमानीच्या छताची खोली, त्यामुळे ‘इन कॅमेरा’ म्हणजे खोलीच्या आत, बाहेरच्यांना मज्जाव करून. न्यायालयात ‘इन कॅमेरा सुनावणी’ होते ती याच अर्थाने, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 327 मध्येही हाच अर्थ होता. शवविच्छेदनाच्या बातम्यांत मात्र तोच शब्द चित्रीकरणासाठी रूढ झाला. एकाच शब्दाचे दोन जवळजवळ उलटे अर्थ एकाच वर्तमानपत्रात नांदत असतील, तर तो शब्द इतिवृत्तात न घेतलेला बरा. ‘बंद सत्र’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.

‘वगळण्यात आला’ हे तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. वगळलेला विषय म्हणजे न घेतलेला विषय, आणि तुमच्या सभासदाने घेतलेला आक्षेप भाषेच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. विषय घेतला गेला, त्यावर निर्णय झाला. वगळली गेली ती त्याची नोंद, तीही फक्त या प्रतीतून. इतिवृत्त या शब्दातच ‘इति’ आणि ‘वृत्त’, म्हणजे ‘असे घडले’, हे आहे. जे घडले ते घडलेच नाही असे दाखविणारे वाक्य इतिवृत्तात बसत नाही.

‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’ हे दोन्ही शब्द ‘गुप्’, म्हणजे राखणे, या एकाच धातूचे आहेत. ‘गुप्त’ हे भूतकाळवाचक विशेषण : राखलेले, झाकलेले. ‘गोपनीय’ म्हणजे राखण्याजोगे. सभा गुप्त झाली असे म्हटले की ती झाली हेच कोणाला कळू नये असा भास होतो. सभेतील मजकूर गोपनीय आहे असे म्हटले की सभा झाली हे उघड असते आणि राखायचा तो फक्त मजकूर. तुम्हाला दुसरा अर्थ हवा आहे.

कोपरीकर :

सानपाडेकर साहेब, हा भेद मला थोडा ओढूनताणून वाटतो. ‘गुप्त मतदान’ झाले हे सगळ्यांना ठाऊक असते, तारीखही जाहीर असते. कोणी कोणाला मत दिले एवढेच झाकलेले असते. म्हणजे ‘गुप्त’ शब्दातही घटना उघड असू शकते. ‘गुप्त बैठक’ म्हटल्यावर आपल्याला कटकारस्थान आठवते, तो दोष वापराचा आहे, व्युत्पत्तीचा नाही.

सानपाडेकर :

‘गुप्त मतदाना’चे उदाहरण बिनतोड आहे. व्युत्पत्तीवरचा माझा भर कमी करतो आणि वापराच्या आधारावर तेच म्हणतो : मत गुप्त असते, पण बैठक गुप्त म्हटली की मनात संशय येतो. ज्या प्रतीचे काम संशय न वाढविणे हे आहे, तिच्यात तो शब्द नको.

खारघरकर :

आमच्या सोसायटीत थकबाकीदारांच्या विषयावर समितीची बंद सभा घेऊन त्याचे इतिवृत्त वेगळ्या वहीत ठेवता येईल का? थकबाकीदार प्रत्येक वेळी वही मागतात आणि वादावादी होते. खजिनदार म्हणून मला याचा फार त्रास होतो.

सानपाडेकर :

खारघरकर, मूळ प्रश्न वेगळा आहे, तरी थोडक्यात लिहितो. सहकार कायद्याने सोसायटीच्या सभासदाला समितीच्या सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क दिलेला आहे. वही वेगळी केल्याने तो हक्क जात नाही, कारण वेगळ्या वहीतले लिखाणही समितीच्या सभेचे इतिवृत्तच असते. वादावादी टाळण्यासाठी वही लपविणे हा गोपनीयतेचा उपयोग नव्हे. नौपाडेकरांच्या प्रकरणात गोपनीयता मंडळाच्या इच्छेवर नाही, तिला कायद्याचा आधार आहे, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

ऐरोलीकर :

तो आधार मी सांगते. एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम केले आहे. तक्रार लैंगिक छळाची असेल, तर महिलांच्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या 2013 च्या कायद्याचे कलम 16 लागू होते. तक्रारीतील मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीची माहिती, समितीच्या शिफारशी आणि मालकाने केलेली कारवाई यांतले काहीही लोकांना किंवा माध्यमांना कळविण्यास तेथे मनाई आहे, आणि ही मनाई माहिती अधिकार कायद्याच्याही वरची आहे. पीडितेला न्याय मिळाला एवढे, ओळख पटेल असा तपशील न देता, सांगता येते.

नौपाडेकर, तुमच्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्याची मला अधिक काळजी वाटते. अकरा सभासदांना प्रत पाठविणे वेगळे आणि तीच प्रत तीन शाळांच्या फाईलला लागणे वेगळे. तेथे ‘कारवाई करण्याचे ठरले’ एवढे लिहिले तरी लोक हजेरीपट उघडून कोणाची रजा लागली आहे हे पाहतात.

शिवाय ओळख नावातूनच फुटते असे नाही. एका संस्थेच्या वितरित इतिवृत्तात मी वाचले होते की अमुक वाजता अमुक शाखेच्या मुख्याध्यापिकांना आत बोलाविण्यात आले आणि वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. नाव कोणाचेच नव्हते, पण शाखा कळल्यावर माणूस कळायला वेळ लागला नाही. विषयाचे शीर्षकही असेच फितूर होते. ‘क्रीडा विभागातील तक्रार’ असे विषयपत्रिकेत छापले की पुढचे सगळे झाकणे व्यर्थ, कारण त्या विभागात माणसे किती असणार!

नौपाडेकर :

ऐरोलीकर ताई, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्या विषयपत्रिकेत शाखेचे नाव होते, हे आत्ताच पाहिले. ती पत्रिका गेलेली आहे. निदान इतिवृत्तात ते पुन्हा येऊ देणार नाही. आता मी असा मसुदा केला आहे :

‘विषय क्र. 7 : सेवाविषयक गोपनीय बाब. सायंकाळी 5.40 वाजता अध्यक्षांच्या निदेशानुसार बंद सत्र सुरू झाले. निमंत्रित व कर्मचारी सभागृहाबाहेर गेले. सत्राची नोंद गोपनीय इतिवृत्ताच्या पुस्तकात अनुक्रमांक 4 वर स्वतंत्रपणे घेतली आहे. सायंकाळी 6.25 वाजता सत्र समाप्त होऊन सभा पुन्हा खुली झाली.’

यात ठराव झाला की नाही, हे लिहावे का?

सानपाडेकर :

मसुदा चांगला आहे. ‘सत्रातील ठरावाचा मजकूर वितरित केलेला नाही’ एवढे एक वाक्य मी घालीन. त्यामुळे ठराव झाला हे कळते आणि तो काय आहे हे कळत नाही. ताईंच्या कलम 16 च्या दृष्टीनेही ‘ठराव झाला’ म्हणजे ‘कारवाई झाली’ नव्हे. अहवाल स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचाही ठरावच असतो.

अनुक्रमांक लिहिलात हे फार चांगले केले. वर्षाने कोणी विचारले तर खुल्या प्रतीतला क्रमांक आणि गोपनीय पुस्तकातला क्रमांक जुळला पाहिजे. तेवढ्यासाठी ते पुस्तक बांधीव असावे, पाने छापील क्रमांकांची असावीत आणि ते अध्यक्षांच्या कुलुपात असावे. सुटी पाने पाकिटात घालून लाखेची मोहोर लावण्याची पद्धत मी पाहिली आहे. पान बदलले तर ते ओळखू येत नाही.

त्या पुस्तकातही कोण काय बोलले ते लिहू नये. हजर सभासद, समोर असलेल्या अहवालाची तारीख, ठरावाचा शब्दशः मजकूर आणि मतांची संख्या एवढे पुरे. तेथेही नावाऐवजी तक्रार क्रमांक लिहावा, कारण पुस्तक कधी ना कधी नव्या सचिवाच्या हाती जाणार. आणि मुख्य प्रश्न असा की तुम्ही स्वतः आत होता की बाहेर?

नौपाडेकर :

मी आत होतो, नोंद मीच घेतली. मूळ टिपणे संगणकावर आहेत आणि त्याच फाईलमधला गोपनीय भाग काळा करून खुली प्रत तयार केली होती.

कोपरीकर :

तसे करू नका, कृपा करून. काळ्या पट्टीखालचा मजकूर पुष्कळदा तसाच राहतो. तो भाग निवडून दुसऱ्या फाईलमध्ये चिकटवला की सगळा मजकूर दिसतो. मी हे स्वतः करून पाहिले आहे. खुली प्रत कोऱ्या फाईलवर नव्याने टंकलिखित करावी, म्हणजे त्यात झाकायला काही राहणारच नाही.

ऐरोलीकर :

एक अडचण मात्र उरते. पुढील सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असणार. खुली प्रत तेव्हा कायम होईल, पण गोपनीय नोंद कायम कोण करणार? खुल्या सभेत ती वाचता येत नाही आणि न वाचता कायम केली तर त्या शब्दाला अर्थ नाही.

सानपाडेकर :

दोन रिवाज आहेत. पुढील सभेत पाच मिनिटांचे बंद सत्र घेऊन, मागच्या बंद सत्राला हजर असलेल्यांसमोर ती वाचून कायम करणे हा पहिला. त्याच सत्राच्या अखेरीस ठरावाचा मजकूर तेथेच लिहून, वाचून अध्यक्षांची सही घेणे हा दुसरा. मला हाच पसंत आहे, कारण महिनाभराने आठवणी बदललेल्या असतात. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, म्हणून पहिला रिवाज घ्यावा आणि त्या छोट्या बंद सत्राची वेळही खुल्या इतिवृत्तात लिहावी.

नौपाडेकर :

तसे करतो. एक सभासद प्रतिवादीचे नातेवाईक असल्याने स्वतःहून बाहेर गेले होते. त्यांना खुल्या प्रतीत काय म्हणावे? ‘अनुपस्थित’ लिहिले तर पुढे हजेरीच्या नियमात ती गैरहजेरी धरली जाईल. ‘हितसंबंधामुळे बाहेर गेले’ लिहिले तर नातेसंबंधावरून प्रतिवादी कळेल, म्हणजे ताईंनी सांगितले तेच पुन्हा होणार.

ऐरोलीकर :

खुल्या प्रतीत त्यांच्याविषयी काहीच लिहू नये असे मला वाटते. कारणासह नोंद गोपनीय पुस्तकात असली म्हणजे झाले.

सानपाडेकर :

येथे मी ताईंशी सहमत नाही. हितसंबंध असलेला सभासद निर्णयात नव्हता हे खुल्या नोंदीत नसेल, तर उद्या निर्णयावर आक्षेप घेणाऱ्याला तेच निमित्त मिळेल. ‘एक सभासद या सत्रात सहभागी नव्हते’ असे नावावाचून लिहिता येईल.

कोपरीकर :

अकरा जणांच्या मंडळात ‘एक सभासद’ कोण, हे बाहेर थांबलेल्या मुख्याध्यापकांना ठाऊकच आहे. ते त्यांच्याच शेजारी बसले होते.