कपडे विकण्याच्या लाइव्हची सुरुवात आणि कपडे दाखवण्याचा क्रम

> "लाइव्हची पहिली दोन मिनिटं 'आवाज येतोय का' यातच जातात. सुरुवातीला काय बोलू आणि कपडे कसे दाखवत जाऊ?"

आवाज आणि उजेड आधीच दुसऱ्या फोनवर तपासा. पहिलं वाक्य हातात कपडा धरूनच बोला. मी असं म्हणते: "नमस्कार, आज १२ कुर्ते आहेत, सगळे सुती, छाती ३६ ते ४२. आवडला तर कुर्त्याचा नंबर आणि तुमचं माप कमेंटमध्ये लिहा. हा पहिला." लोक मध्येच येत राहतात, म्हणून हेच दर तीन-चार कपड्यांनंतर पुन्हा सांगायचं.

प्रत्येक कपड्याचा क्रम एकच: नंबर, कापड, माप, किती नग, किंमत, शेवटी परत नंबर. कापडाला एक वाक्य पुरतं, मापावर मात्र थांबा. पूर्वी मी नुसतं "एल" म्हणायचे आणि माझ्याकडे परत आलेले कपडे बहुतेक मापापायीच आले. आता कपडा सपाट पसरून टेप कॅमेऱ्यासमोर लावते: "नंबर ७. काखेपासून काखेपर्यंत २० इंच, म्हणजे पूर्ण घेर ४०. छाती ३७ असेल तर नीट बसेल. ४० असेल तर हा घेऊ नका, कापड ताणत नाही, शिवणीवर ओढ येईल." असं 'घेऊ नका' स्पष्ट सांगितल्यावरच लोक आपलं माप विचारू लागले.

सगळ्यात देखणा कपडा पहिला काढू नका, चौथा-पाचवा ठेवा, तोवर माणसं जमतात. एकच नग असेल तर पहिली कमेंट कुणाची ते नाव मोठ्याने वाचा आणि लगेच "नंबर ७ गेला" म्हणा.