चॅट डिलीट केली तरी लक्षात ठेवतंय! मेमरी बंद करा सगळ्यांनी

शुक्रवार पेठ:
एआय चॅटच्या एका अ‍ॅपात आईच्या गुडघ्याचा रिपोर्ट टाकून माहिती विचारली होती. काम झाल्यावर ती चॅट डिलीट केली. काल बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत मेसेज लिहून घेत होतो, तर त्यात आपल्या मनानंच घातलं, की आईच्या ऑपरेशनमुळं चपलांचा माल पाठवायला उशीर होईल. डिलीट म्हणजे डिलीट ना? ही फसवणूक आहे. सगळ्यांनी मेमरीचं बटण बंद करा, विषय संपला.

क्लासवाली, राजारामपुरी:
बटण बंद केलं की विषय संपत नाही, दादा. माझ्या क्लासला येणारे बरेच जण नेमकं एवढंच करून निर्धास्त होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं अ‍ॅप कुठलं ते तुम्ही सांगितलं नाही. मी चॅटजीपीटी धरून सांगते, कारण तिथली बटणं मला पाठ आहेत. बाकीच्यांत नावं वेगळी असतात.

तुम्ही बोलता बोलता पुढंही उपयोगी पडेल असं काही सांगितलं, की ते अ‍ॅप त्याची एका ओळीची नोंद करून वेगळ्या यादीत ठेवतं. दुकान कसलं, उत्तर मराठीत हवं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, अशा ओळी. त्या वेळी पडद्यावर बारीक अक्षरात Memory updated असं येतं, पण आपलं लक्ष उत्तराकडं असतं. चॅट एका जागी आणि ही यादी दुसऱ्या जागी. चॅट पुसली तरी यादीतली ओळ जागची हलत नाही. पुढं तुम्ही नवीन चॅट उघडली, की या ओळी तुमच्या प्रश्नाच्या सोबतीनं आत जातात. त्याला "आठवतं" ते असं. मेसेज लिहिताना उशिराचं कारण हवं होतं, हाताशी आईची ओळ होती, ती वापरली.

आता बंद करण्याबद्दल. बटण बंद केलं की त्या ओळी वापरल्या जात नाहीत, पण पुसल्याही जात नाहीत. सहा महिन्यांनी भाच्यानं फोन हातात घेऊन बटण चालू केलं, की सगळं पुन्हा हजर. पुसायचं असेल तर Settings, तिथून Personalization, तिथून Manage memories. यादी दिसेल. नको त्या ओळीसमोरचं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा. आणि ती ओळ ज्या चॅटमधून आली ती चॅटही डिलीट करा. दोन्ही केल्याशिवाय काम पुरं होत नाही.

गंगावेशकर:
ताई, एवढं लांबण लावायची गरज नाही. मेमरी बंद केली की आपलं बोलणं एआयला शिकवायला, म्हणजे ट्रेनिंगला, जायचं थांबतं, हाच मुख्य फायदा. आणि आता 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे. पुसा म्हटलं की कंपनीला पुसावंच लागतं. तक्रार ठोकायची.

क्लासवाली, राजारामपुरी:
ट्रेनिंगचं बटणच वेगळं आहे. Data controls मध्ये Improve the model for everyone असं लिहिलेलं असतं, ते. मेमरी बंद आणि ते चालू, असं असू शकतं. उलटंही असू शकतं. तुमच्या सांगण्यावर विसंबून कुणी ते चालू ठेवलं तर?

कायद्याचं म्हणाल तर पुसून मागायचा हक्क त्यात आहे, हे बरोबर. पण नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि हक्कांचा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचा आहे. लोकांना आज तक्रार ठोकायला सांगू नका.

गंगावेशकर:
ठीक आहे, ट्रेनिंगचं बटण वेगळं असेल. कायदा आहे हे तरी मान्य केलंत.

शुक्रवार पेठ:
ताई, तुम्ही सांगितल्या जागी गेलो. तसलंच पान माझ्या अ‍ॅपातही आहे. आईची ओळ होती, पुसली. त्याशिवाय "शाकाहारी आहे" अशी एक ओळ निघाली! मी आणि शाकाहारी? श्रावणात कधीतरी बिनमटणाचा बेत विचारला असेल. आता कळलं, गेल्या महिन्यात पाहुण्यांसाठी जेवणाची यादी मागितली तर पांढऱ्या रश्श्याचं नाव का नव्हतं ते.
पण खरी गोष्ट पुढं आहे. ओळ पुसून आज सकाळी नवीन चॅट उघडली आणि "माझ्या घरच्यांबद्दल काय माहिती आहे" असं विचारलं. आईच्या गुडघ्याचं पुन्हा सांगितलं. आता बोला.

क्लासवाली, राजारामपुरी:
आईबद्दल दुसरी एखादी चॅट शिल्लक आहे का? फिजिओथेरपी, विमा, औषधं, काहीही? आणि Archive केलेल्यांत बघा. बरेच जण डिलीट समजून आर्काइव्ह करतात. आर्काइव्ह केलेली चॅट नजरेआड होते, जात नाही.

हा प्रकार वेगळा आहे. एप्रिल 2025 पासून चॅटजीपीटीत यादीखेरीज जुन्या चॅटमधून संदर्भ उचलायची सोय आली, Reference chat history नावाची. त्यात ओळ लिहून ठेवायची गरजच नसते, जुन्या बोलण्यातून मजकूर घेतला जातो. म्हणून यादी कोरी असली तरी गोष्ट उगवते. त्याचं बटण वेगळं आहे, आणि ते बंद केलं तर त्या वाटेनं जमवलेलं पुसलं जातं, म्हणजे तिथं बंद करण्याला अर्थ आहे. कंपनी त्याला तीस दिवसांपर्यंतची मुदत देते.

शुक्रवार पेठ:
विम्याची चॅट निघाली, आर्काइव्हमध्येच होती. डिलीट केली. पण मला सांगा, त्या दुसऱ्या प्रकारात काय काय जमा आहे ते कुठं बघायचं?

क्लासवाली, राजारामपुरी:
यादीसारखं ओळ-ओळ सगळं बघता येत नाही. चॅटमध्ये विचारता येतं, पण त्याच्या उत्तराला पुरावा मानू नका. ते अर्धवट सांगतं, कधी अंदाजानंही बोलतं. पक्कं तपासायचं असेल तर यादी बघा आणि जुन्या चॅट शोधून बघा.

हुपरीची सून:
तुम्ही सगळे कंपनीला काय कळतं याच्या मागं लागलाय. आमच्या घरी चांदीच्या कामाची बिलं, पुतण्याची दहावी, माझं सगळं एकाच लॉगिनवर चालतं, कारण पैसे एकदाच भरलेत. पुतण्यानं "मी दहावीत आहे, सोपं करून सांग" असं कधीतरी लिहिलं. तेव्हापासून मलाही दहावीच्या पोरासारखं समजावतं. ते जाऊ दे. मी एका उपचाराबद्दल विचारलं होतं, जो मला घरात सांगायचा नव्हता. चॅट लगेच डिलीट केली. जाऊबाईंनी आपली काहीतरी सेटिंग बघता बघता ती यादी उघडली आणि माझी ओळ तिथं सरळ वाक्यात लिहिलेली. संध्याकाळपर्यंत सासूबाईंपर्यंत गेलं. कंपनीनं वाचलं असतं तर मला एवढं वाटलं नसतं.

उद्यमनगर:
वहिनी, राग मानू नका, पण घरात लपवायचं कशाला? आमच्यात एकच फोन, एकच लॉगिन, कुणाला काय त्रास न्हाई. लपवाछपवी आली की मग असलं व्हतंय.

हुपरीची सून:
तुमच्या घरातल्या बाईला विचारून लिहिलंत का हे? का तिचा फोनसुद्धा तुमच्याच खिशात असतो?

उद्यमनगर:
माझ्या घरात यायचं काम न्हाई. मी साधं बोललो.

पंचगंगाकाठ:
साधं नाही बोललात. दवाखान्यातसुद्धा डॉक्टर नातेवाइकाला बाहेर बसवतात. माझी बहीण नर्स आहे, तिला रोज दिसतं की बाई नवरा बाहेर गेल्यावरच खरं दुखणं सांगते. लपवाछपवी नाही ती, तिचा तो अधिकार आहे. आणि जाऊबाईंनी वाचलं ते वाचलं, पुढं सांगायला नको होतं. त्याला मेमरी काय करणार?

गंगावेशकर:
मग तर मी म्हणतो तेच बरोबर. बंदच ठेवा.

क्लासवाली, राजारामपुरी:
वहिनी, तुमचं वाचून वाईट वाटलं. एकाच लॉगिनवर चार माणसं असली की ही सोय सगळ्यांना मिळून एकच माणूस समजते. ओळ कुणी सांगितली हे तिला वेगळं करता येत नाही, म्हणून दहावी तुमच्या वाट्याला आली. तुमच्या घरी जमेल असं एक आहे. असलं काही विचारायचं असेल तेव्हा Temporary chat उघडा. त्यातून यादीत ओळ जात नाही, आणि डाव्या बाजूच्या चॅटच्या यादीतही ती दिसत नाही. कंपनीकडं प्रत तीस दिवसांपर्यंत राहू शकते, पण जाऊबाईंना ती उघडता येणार नाही. मात्र चालू करायचं ते पहिला शब्द लिहायच्या आधी. अर्धं बोलून झाल्यावर सुचून उपयोग नाही.

खरा उपाय म्हणजे आपलं स्वतःचं लॉगिन. फुकटातलं चालतं.

हुपरीची सून:
फुकटातलं काढते. पण फोनही एकच आहे ताई, माझ्या वेगळ्या लॉगिनचा पासवर्ड फोनच लक्षात ठेवतो. कुणीही उघडेल.

क्लासवाली, राजारामपुरी:
मग काम झालं की लॉगआउट करायचं, आणि फोन पासवर्ड सेव्ह करू का विचारतो तिथं नको म्हणायचं. त्रासाचं आहे, कबूल. यापलीकडं मला दुसरं सुचत नाही.

उद्यमनगर:
बरं. वहिनींनी वेगळं लॉगिन काढावं, माझं काही म्हणणं न्हाई. पण मी माझ्या घरात बदलणार न्हाई.

निवृत्त मास्तर:
मी मेमरी चालू ठेवली आहे आणि ठेवणार. डोळे अधू झालेत. अक्षरं मोठी, वाक्यं छोटी, मराठीतच उत्तर, हे दर वेळी नव्यानं सांगायला मला जमत नाही. अक्षरं मोठी काही झाली नाहीत, ते फोनच्या सेटिंगमध्ये करावं लागलं, पण बाकीचं तो पाळतो. सगळ्यांनी बंद करा असं सांगणाऱ्यानं माझ्यासारख्यांचा विचार करावा.

क्लासवाली, राजारामपुरी:
सर, तुमच्यासाठी तर Custom instructions जास्त बरं. तेही Personalization मध्येच आहे. तिथं तुम्ही स्वतः लिहाल तेवढंच राहतं, ते अ‍ॅप आपल्या मनानं तिथं ओळ वाढवत नाही. भाषा आणि छोटी वाक्यं तिथं लिहा, आणि मग मेमरी बंद केली तरी तुमचं काही अडणार नाही.

निवृत्त मास्तर:
हे बघतो. नातवाला बसवून करून घेतो. पण मी बंद करेनच असं नाही.

शुक्रवार पेठ:
ताई, फसवणूक हा शब्द मी मागं घेत नाही. दोन जागी पुसावं लागतं हे डिलीटच्या बटणाशेजारीच लिहायला काय जातंय? बाकी तुमचं बरोबर निघालं. विम्याची चॅट गेल्यापासून आज गिऱ्हाइकाचे मेसेज लिहून घेतले, आई कुठं आली नाही. यादीतून शाकाहारीही काढलं. दुकानाच्या ओळी ठेवल्यात, त्या कामाच्या आहेत. पण जुन्या चॅटमधून उचलायचं ते बटण मी बंद केलंय, आणि त्यात काय साठलंय ते मला ओळ-ओळ बघायला मिळेपर्यंत ते बंदच राहणार.