मुलांची सहल: भाषण न देता शिकता येईल असं काय करावं?

भटकी_आई: मुलं 9 आणि 12 वर्षांची. चार दिवसांची सहल, घरापासून जवळपास सरळ दक्षिणेला 450 किमी. विज्ञान, इतिहास, निसर्ग सगळं हवंय, पण फलक वाचून दाखवायला लागलं की दोघंही पाय ओढायला लागतात.

शंकूछाया: अंतर आणि दिशा दोन्ही उत्तम आहेत. मुलांना पृथ्वीचा घेर मोजू द्या. 1 मीटरची काठी सपाट जमिनीवर उभी करायची आणि तिची दिवसातली सर्वांत आखूड सावली मोजायची. त्याच दिवशी घरी कुणीतरी तशाच काठीची सावली मोजून फोनवर कळवायची. समजा घरी 36.4 सेंमी आली आणि तिकडे 28.7. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापक लावला की 20 आणि 16 अंश मिळतात. फरक 4, म्हणजे वर्तुळाचा नव्वदावा भाग. 450 गुणिले 90 म्हणजे 40,500 किमी. खरा घेर सुमारे 40,000 आहे.

रानवाटा: सोपं आहे, दोन्हीकडे बरोबर 12 वाजता मोजा म्हणजे झालं.

शंकूछाया: दुपारची वेळ बरोबर, पण घड्याळातले 12 नकोत. सूर्य माथ्यावर यायची वेळ गावागणिक आणि ऋतूनुसार बदलते. अंदाजे वेळेच्या पाऊण तास आधीपासून दर 5 मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. खुणा आधी काठीकडे सरकतात, मग लांब जातात. मुलं इथेच रंगतात, कारण पुढची खूण कुठे पडेल यावर पैज लागते.

खरी चूक होते ती काठी कलल्यामुळे. वरचं टोक पावणेदोन सेंटीमीटर कललं तरी कोन 1 अंशाने चुकतो, आणि इथे सगळा हिशोब 4 अंशांचा! म्हणून दोरीला वजन बांधून ओळंबा लावा. अंतरही रस्त्याचं नको, नकाशावरचं सरळ उत्तर-दक्षिण घ्या. दोन्हीकडे सावली एकाच बाजूला पडली तर कोनांची वजाबाकी, विरुद्ध बाजूंना पडली तर बेरीज.

पाटीपेन्सिल: आम्ही पूर्वेकडून पश्चिमेला जाणार आहोत. आमचा घेर किती येईल?

शंकूछाया: अशा प्रवासात सावलीची लांबी फारशी बदलणार नाही, त्यामुळे या रीतीने घेर निघणार नाही. पण घड्याळ तेच ठेवलंत तर आखूड सावलीची वेळ दर रेखांशाला 4 मिनिटं उशिरा येईल. तुम्ही तेच मोजा.

भटकी_आई: घरी मोजणारं कुणी नसेल तर? निघायच्या आदल्या दिवशी मोजलं तर चालेल?

शंकूछाया: जून किंवा डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास चालेल. मार्च-सप्टेंबरमध्ये सूर्य रोज साधारण 0.4 अंश सरकतो, दोन दिवसांत उत्तर पाचव्या हिश्शाने बिघडेल.

रानवाटा: इतिहास आधी सांगा ना, इरॅटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं.

शंकूछाया: मी उत्तर निघाल्यावर सांगेन. त्याला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग मिळाला होता. तो आकडा स्वतःचा आकडा हातात असताना ऐकण्यात मजा आहे.

रानवाटा: मला नाही पटत. गोष्ट आधी कळली तर धाकटा अर्धा-पाऊण तास उन्हात टिकेल.

भटकी_आई: आणि निसर्ग?

शंकूछाया: सावली कुठल्या बाजूला पडते ते कळलं की एखाद्या जुन्या भिंतीला चारही बाजूंनी फेरी मारा. शेवाळ कुठे जास्त असेल ते मुलांनी आधी सांगायचं, मग बघायचं. झाडांच्या आडोशामुळे अंदाज चुकला तर का चुकला ते त्यांनाच शोधू द्या.