अनुभव धागा : ओव्हन आतून साफ करताना फवारा की लिंबाची वाफ? आणि मागे उरलेला पांढरा थर

दारव्हेकरीण
मायक्रोवेव्ह, ओटीजी, कन्व्हेक्शन, तुमच्याकडे जे असेल ते तुम्ही आतून कशानं आणि कसं साफ करता ते इथे लिहा. "मी लिंबू वापरते" एवढंच नको. किती पाणी, किती वेळ, काय बिघडतं, तेही येऊ द्या.

सुरुवात आमच्या गटाच्या ओटीजीपासून करते. त्यात नानकटाई आणि ज्वारीची बिस्किटं भाजतो. छताला तुपाचे करपलेले तपकिरी थेंब होते. एकीनं दुकानातून ओव्हन क्लीनर आणला, आत फवारला, अर्ध्या तासानं ओल्या फडक्यानं एकदा पुसला. डाग गेले. पण भिंत चमकदार होती ती करडी पडली, आणि वाळल्यावर छताला पांढरी भुकटी दिसतेय. बाटलीवर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलंय. शनिवारी ऑर्डर आहे. भाजायचं का?

दुरुस्ती_पुसद
भाजू नोका ताई. पयले प्लग काढा.

तुमच्या बाटलीत आहे तो कॉस्टिक सोडा. तो बनवला आहे इनॅमलच्या ओव्हनसाठी, म्हणजे आपल्या जुन्या इनॅमलच्या ताटल्यांवर असते तसा काचेसारखा मुलामा ज्याच्या आत असतो त्याच्यासाठी. तिथं तो तुपाला खातो, तुपाचा साबण होते, पुसलं की निघते. पण आपल्या इकडं मिळणाऱ्या बहुतेक ओटीजीत आत अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्त चढवलेला पत्रा असते. कॉस्टिक या दोन्हीले खातो. भिंत करडी पडली ती काऊन, तर तूप संपल्यावर त्यानं पत्र्यावरचा थर खायला घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे आत ठेवूनच फवारलं असंल तर तोही काळा पडला असंल, पाहा.

मायक्रोवेव्हमधी तर हा फवारा हातातच घेऊ नोका. आतला रंग फुगते, पापुद्रा निघते, खाली गंज चढते, आन् मंग तिथंच ठिणगी पडते.

लिंबूवाली काकू
म्हणूनच मी सांगते, लिंबाला तोड नाही. काचेच्या वाडग्यात एक कप पाणी, एका लिंबाच्या फोडी, पूर्ण पॉवरवर ४ मिनिटं, मग दार न उघडता ५ मिनिटं तसंच. लिंबाचं आम्ल वाफेबरोबर भिंतीला लागतं आणि तेलकटपणा कापून काढतं. सुती फडक्यानं एकदा पुसलं की आरसा. मागे काही विषारी उरायचा प्रश्नच नाही.

विज्ञानाचे सर, आर्वी
काकू, कृती अचूक आहे, कारण तेवढं वेगळं आहे. लिंबाचं आम्ल वाफ होऊन उडत नाही, ते वाडग्यातच राहतं. भिंतीला लागतं ते साधं पाणी आणि सालीतल्या तेलाचा वास. डाग मऊ करते ती वाफ. आम्लाचं काम हवं असेल तर वाडग्यातलंच पाणी कोमट झाल्यावर फडक्याला घेऊन पुसा. नुसत्या पाण्यानं वाफ दिलीत तरी भाजीचे शिंतोडे तितकेच सुटतील, घर मात्र सुगंधी होणार नाही. व्हिनेगरचं आम्ल वाफेबरोबर येतं, म्हणून तर डोळे झोंबतात.

पाणी नुसतंच ठेवणार असाल तर वाडग्यात एक लाकडी काडी किंवा चमचा ठेवा. गुळगुळीत काचेत पाणी न उकळता तापत राहतं आणि हात लावला की एकदम उसळतं.

दारव्हेकरीण
पण सर, आमच्याकडे ओटीजी आहे, त्यात वाफेचं काही चालेल का? आणि पांढऱ्या भुकटीचं काय?

विज्ञानाचे सर, आर्वी
भुकटीकडे येतो. ती तीन गोष्टींपैकी एक असते. पुसायचा राहिलेला कॉस्टिक, जो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू धुण्याच्या सोड्यासारखा होतो. बोअरच्या पाण्याचे क्षार, पुसताना वापरलेल्या पाण्यातून आलेले. किंवा खाल्ल्या गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमची राख. डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात. बोट लावून बुळबुळीतपणा बघायला जाऊ नका, कॉस्टिक कातडी सोलतो.

घरातली हळद हे काम करते. कुंकू कसं होतं? हळदीत चुना गेला की लाल. तेच इथे. अर्धा चमचा हळद दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, वरचं पिवळं पाणी पांढऱ्या टिश्यूवर ओता, सावलीत वाळवा, बोटाएवढ्या पट्ट्या कापा. आधी कपड्यांच्या साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बघा. पट्टी लाल झाली तर हळद खरी. झाली नाही तर दुसरी हळद घ्या. मग तुमच्या बोअरच्या नुसत्या पाण्याचा थेंब एका पट्टीवर टाका आणि ती पट्टी बाजूला ठेवा, तुलनेसाठी. आमच्याकडच्या पाण्यानंही रंग जरासा गडद होतो, तो धोका समजू नये.

आता हातमोजे घालून ओला कापूस छताला फिरवा आणि पट्टीवर दाबा. लालसर-तपकिरी डाग उठला तर अल्कली, म्हणजे कॉस्टिक किंवा त्याचा झालेला सोडा, शिल्लक आहे.

वऱ्हाडी_पोट्टा
माह्या मायक्रोवेव्हमधी उजव्या बाजूले जो पुठ्ठ्यावाणी चौकोन असते ना, तिथं ठिणग्या पडून राहिल्या. तो बी लिंबानं पुसू का? हळद लावू का?

दुरुस्ती_पुसद
हळद नको बावा. तो पुठ्ठा नाही, अभ्रकाचा पत्रा आहे. त्याच्या मागून लहरी आत येतात. त्याच्यावर तेल बसलं की ते जळून कोळसा होते आन् कोळशावर ठिणगी पडते. काळं भोक पडलं असंल तर पुसून उपयोग नाही. नवा पत्रा मिळते, त्याच्यावर जुना ठेवून कात्रीनं त्याच मापाचा कापायचा. चांगला असंल तर ओलसर फडक्यानं नुसता टिपायचा, भिजवायचा नाही, घासायचा तर मुळीच नाही. अन् तोवर मशीन लावू नोको.

बिस्किटवाली, काटोल
मूळ प्रश्नाकडे येते. ओटीजी किंवा कन्व्हेक्शनमध्ये १८० अंशांवर तूप वारंवार भाजलं गेलं की त्याचं वॉर्निशच होतं. त्याला वाफ काही करत नाही. ताज्या शिंतोड्यांसाठी वाफ, भाजून बसलेल्यासाठी सोडा.

माझं माप असं. ३ चमचे खाण्याचा सोडा आणि १ चमचा पाणी. चिखलासारखं झालं पाहिजे, ओघळायला नको. ओव्हन पूर्ण थंड असताना डागावर बोटानं लावायचं, सळ्यांना, पंख्याच्या जाळीला आणि भोकांना नाही. दोन तास ठेवा, जास्त जुना डाग असेल तर रात्रभर. प्लास्टिकच्या कार्डानं खरवडा. तारेची घासणी कधीच नको. तिचे तुकडे मायक्रोवेव्हमध्ये राहिले की ठिणगी, आणि ओटीजीत पत्र्याला ओरखडे.

मग ओल्या फडक्यानं तीनदा पुसायचं, दर वेळी ताजं पाणी. सोड्याचा पांढरटपणा थोडा उरतो, तो खाण्याचाच सोडा आहे, बिस्किटात टाकतो तोच. त्याची भीती नाही. पण भुकटी बिस्किटावर पडली तर खारट-कडू लागते, गिऱ्हाईक परत येत नाही.

लिंबूवाली काकू
पण शेवटी २०० अंशांवर रिकामा ओव्हन चालवला की क्लीनरचं सगळं जळून जातंच ना? दुकानदार तर असंच सांगतात.

विज्ञानाचे सर, आर्वी
वास जातो. सुवासिक द्रव, पाणी, उडणारं ते उडतं. कॉस्टिक उडत नाही. पाणी आटलं की तो आणखी घट्ट होऊन तिथेच बसतो. म्हणून आधी पुसणं, मग पट्टी, आणि तापवणं सर्वांत शेवटी.

आणि छतावर जास्त लक्ष द्या. भिंतीला अन्न लागत नाही, पण छताला वाफ थंड होऊन थेंब होतो आणि तो थेंब थेट ट्रेवर पडतो.

दुरुस्ती_पुसद
सरांनी एक सांगायचं राहिलं. कन्व्हेक्शन असंल तर पंख्याच्या जाळीतून फवारा मागं गेला का ते आठवा. मागं फडकं पोचत नाही. गेला असंल तर मागचं झाकण मेकॅनिककडून उघडून घ्या. आन् कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह रिकामा तापवायचा तो कन्व्हेक्शन मोडवरच. मायक्रोवेव्ह मोडवर रिकामा चालवला तर लहरी तयार करणारं मॅग्नेट्रॉन जाऊ शकते.

दारव्हेकरीण
हे केलं. हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या, प्लग काढलेला. पहिल्या पुसण्यानंतर छताची पट्टी कुंकवासारखी लाल. बादलीतलं पाणी बदलत आणखी चार वेळा पुसलं. तिसऱ्याला विटकरी, पाचव्याला बोअरच्या पट्टीच्याच रंगाची. मग व्हिनेगरचं फडकं, मग साधं पाणी. भुकटी बरीच गेली, पण उजव्या कोपऱ्यात पैशाएवढा एक पांढरा ठिपका आहे, तो पुसला जात नाही.

विज्ञानाचे सर, आर्वी
पट्ट्या आधी करून घेतल्या ते बरं झालं. आधी आम्ल लावलं असतं तर पट्टी पिवळीच दिसली असती. आता त्या ठिपक्यावर लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे येऊन विरघळला तर बोअरचा क्षार. काहीच झालं नाही तर अ‍ॅल्युमिनियमची राख.

दारव्हेकरीण
काहीच झालं नाही.

बिस्किटवाली, काटोल
मग तो पत्रा आहे, क्लीनर नाही. २०० अंशांवर रिकामा १५ मिनिटं चालवा, ट्रे बाहेर काढून. नाकाला काही झोंबलं नाही तर शनिवारची ऑर्डर करा. मी तरी करीन.

दुरुस्ती_पुसद
मी थांबलो असतो. थर गेला तिथं उद्या गंज चढंल. गंजाचे पापुद्रे छतावरून खाली पडतात, ते गिऱ्हाइकाच्या बिस्किटात नको. विष नाही, पण दातात येते.

विज्ञानाचे सर, आर्वी
छताखाली एक जाळी सरकवून त्यावर रिकामा ट्रे ठेवला तर? पडलं तर त्यावर पडेल.

दुरुस्ती_पुसद
वरची सळी झाकली जाईल सर. बिस्किट वरून कच्चं राहील.

दारव्हेकरीण
वरची सळी आम्ही तशीही शेवटची ३ मिनिटंच लावतो. तेवढ्यापुरता ट्रे काढला तर? एक घाणा करून पाहते उद्या.