सुकन्याचे महिना पाच हजार आणि 18व्या वर्षी 15 लाख: कुणी हिशोब करून पाहिलाय का?

इंदिरानगरचा बाबा: मुलगी चार वर्षांची असताना सुकन्या खातं उघडलं, दर महिन्याला न चुकता 5 हजार. पोस्टातल्या माणसाने गणित करून दिलं, ती 18 ची होईल तेव्हा 15 लाख. इंजिनिअरिंगच्या खर्चाचा प्रश्न तिथेच सुटला. तरी लोक महागाईच्या नावाने रडत बसतात. शिस्त नसते आणि दोष महागाईला. ज्याला साठवायचं असतं तो साठवतोच.

नाशिकरोडची ताई: दादा, शिस्तीबद्दल तुमचं कौतुकच आहे, पण 'शिस्त नसते' हे वाक्य फार लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. 8.2 टक्के व्याज शेवटपर्यंत टिकलं असं धरू, जरी 2020 ते 2023 मध्ये ते 7.6 वर होतं. तरी 14 वर्षांत तुमचे 8.40 लाख भरून साधारण 15.4 लाख होतील. म्हणजे पोस्टातला आकडा बरोबर आहे. पण ते सगळे पैसे 18व्या वर्षी हातात येत नाहीत. शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मेच काढता येतात, तेही प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवून. खातं पूर्ण होतं उघडल्यापासून 21 वर्षांनी, म्हणजे तुमची मुलगी 25 ची असताना. म्हणजे प्रवेशाच्या वेळी हातात साधारण साडेसात लाख.

आता खर्च बघा. पुण्यात खासगी कॉलेज धरलं, फी, होस्टेल, मेस मिळून आजचे वर्षाला अडीच लाख, चार वर्षांचे 10 लाख. हा खर्च दर वर्षी 8 टक्क्यांनी वाढला तर 14 वर्षांनी 29 लाख होतो. 6 टक्केच धरला तरी साडेबावीस. हप्ता तिथेच राहतो आणि फी चालत राहते, अडचण तिथे आहे. तोच 5 हजारांचा हप्ता दर वर्षी 10 टक्क्यांनी वाढवला तर तेवढ्याच व्याजाने 14 वर्षांत 27 लाखांच्या आसपास जमतात. सुकन्यात वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त भरता येत नाही, म्हणून शेवटची काही वर्षं वाढीव रक्कम दुसरीकडे टाकावी लागेल. हे मी मनाने सांगत नाहीये. आमच्या घरी मोठ्याच्या वेळी ठरलेला हप्ता आम्ही एकदाही वाढवला नाही, आणि बारावीनंतर नणंदेकडून पैसे घ्यावे लागले.

अंबडचा ऑपरेटर: ताई, वर्षाला 10 टक्के वाढ कागदावर. शेवटच्या वर्षी तो हप्ता 17 हजारांवर जातो. कंत्राटी कामगाराचा पगार कधी 10 टक्क्यांनी वाढतो? आमच्या कंपनीत करार झाला की वाढ मिळते, नाहीतर तीन-तीन वर्षं तोच पगार. त्यात घरभाडं, गॅस, आईची औषधं. हे सल्ले ऑफिसवाल्यांसाठी ठीक आहेत. आमच्यासारख्याने सरळ शैक्षणिक कर्ज काढावं, मुलगी नोकरीला लागली की ती फेडेल.

नाशिकरोडची ताई: करार झाला त्या महिन्यापासून वाढवा, मधली वर्षं नका वाढवू. दर वर्षी वाढवलंच पाहिजे असा कुणाचा दंडक नाही. पण 'ती फेडेल' हे फार सहज म्हणता. मुलगी पहिल्या पगारापासून हप्ते भरणार आणि नोकरी लागायला वर्ष लागलं तर व्याज वाढत राहणार, ते कोण सोसणार?

गंगापूररोड आजी: अहो, एवढं कशाला? मुलींना आता फी माफच आहे ना! माझ्या नातीला भरावीच लागली नाही.

सिडकोचा मास्तर: आजी, ती माफी 2024-25 पासून आहे आणि सगळ्यांना नाही. इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुली, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, व्यावसायिक अभ्यासक्रम आणि प्रवेश कॅप फेरीतून. होस्टेल-मेस वेगळंच. तुमच्या नातीचं चांगलं झालं, पण 14 वर्षांनी नियम काय असेल यावर कुणी पैसे साठवणं थांबवू नये.

सराफबाजारची सून: मी कधीपासून सांगतेय, सोनं घ्या. माझ्या सासूबाई दर दिवाळीला नाणं घ्यायच्या. ती मोडून दिराचं शिक्षण झालं. तुमच्या सुकन्याने सोन्याएवढा भाव कधी दिलाय का?

सिडकोचा मास्तर: गेल्या काही वर्षांत सोनं वाढलं, मान्य. पण 2012 मध्ये ज्याने घेतलं त्याने 2018 पर्यंत काय बघितलं? तोळा तीस हजारांच्या आसपासच घुटमळत होता. नेमक्या त्या सहा वर्षांत मूल कॉलेजला गेलं असतं तर?

सराफबाजारची सून: 'जर तर' चालू केलं की सगळंच चुकीचं. सासूबाईंना तुमचे आलेख माहीत नव्हते, पण दिराची फी भरली गेली. तुमच्या शेअर बाजाराचं काय? मार्च 2020 आठवतोय ना?

सिडकोचा मास्तर: आठवतो. जानेवारीत 42 हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स मार्चमध्ये 26 हजारांच्याही खाली बंद झाला. म्हणून तर म्हणतो की म्युच्युअल फंड ठेवायचा तो मूल लहान असताना. दहावीनंतर दर वर्षी थोडे थोडे काढून मुदत ठेवीत टाकायचे. बारावीच्या निकालाच्या दिवशी बाजार कुठे असेल हे कुणाच्या हातात नसतं. सोन्याचंही तेच आहे, एवढंच माझं म्हणणं.

सराफबाजारची सून: नाण्यावर घडणावळ फारशी जात नाही, मोडताना दागिन्याइतकी घट होत नाही. ते तरी लिहा. नुसता सोन्याला विरोध नको.

सिडकोचा मास्तर: हे खरंय. दागिना आणि नाणं वेगळं, हा भाग सोडला होता.

इंदिरानगरचा बाबा: विषय सुकन्याचा होता, तुम्ही सराफ बाजारात जाऊन बसलात! निम्मेच काढता येतात हे पोस्टात मला कुणी सांगितलं नाही. आता रागावून उपयोग नाही, पण आकडे सांगताना अर्धवट का सांगतात?

निफाडचा बागायतदार: दादा, दर महिन्याला ठराविक रक्कम ही नोकरदाराची भाषा आहे. आमच्याकडे पैसा येतो तो बाग उतरली की, फेब्रुवारी ते एप्रिल. ते वर्ष बरं गेलं तर एकदम लाख टाकतो, गारपीट झाली तर अडीचशे रुपये भरून खातं चालू ठेवतो. सुकन्यात हे चालतं म्हणूनच घेतली. एक गोष्ट आडतीवरच्या मुनीमाने सांगितली. महिन्याच्या पाच तारखेनंतर भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. त्यामुळे हंगामाचे पैसे एप्रिलच्या पहिल्या चार दिवसांत भरले तर पूर्ण वर्षाचं व्याज पडतं. मी दोन-तीन वर्षं पैसे सेव्हिंगलाच ठेवून मे-जूनमध्ये भरत होतो.

अंबडचा ऑपरेटर: हे कामाचं बोललात. माझा पगार सात तारखेला होतो, म्हणजे त्या महिन्याचं व्याज दर वेळी गेलंच की.

नाशिकरोडची ताई: मग आधीच्या पगारातले बाजूला काढून पुढच्या महिन्याच्या चार तारखेला भरा. एकदा एका महिन्याची ओढ सोसावी लागेल.

इंदिरानगरचा बाबा: माझाही हप्ता 10 तारखेला जातो. तो चारवर आणतो. आणि पाचऐवजी पुढच्या वर्षी सहा हजार करतो, 10 टक्के मला जमेल की नाही ते बघू. पण ताई, 8 टक्क्यांनी फी वाढणारच असं तुम्ही धरलंत ते मला अजून पटलेलं नाही. माझ्या भाच्याच्या कॉलेजात चार वर्षांत फार वाढली नाही.

नाशिकरोडची ताई: चार वर्षांवरून पंधरा वर्षांचा अंदाज बांधता येत नाही. त्याचं होस्टेल आणि मेस तेवढंच राहिलं का, ते त्याला विचारून इथे लिहा.